डॉक्टरीणबाईंचं पत्र आणि चेअरमनचा गोल शिक्का

ये, इकडं जवळ बस. तिकडं दारात टेकून काय ऐकू येणार आहे तुला? आणि आधी ते च्च च्च करणं बंद कर. मागच्या खेपेला आलीस तेव्हा माझ्या नातीनं जेवायच्या आधी पोटाला सुई लावली, तर तू तोंडाला पदर लावून बसलीस. ती दहा वर्षांची पोर सुई टोचून शांतपणे भाकरी मोडायला लागली आणि तू, माझी भाची, दोन लेकरांची आई, पाणी मागत होतीस. लाज वाटली मला. तुझी नाही, माझी. कारण दीड वर्षापूर्वी मीही तुझ्यासारखीच होते. तुझ्यापेक्षा वाईटच होते. ते कसं, तेच सांगायचं आहे.

माझ्या नातीला टाईप वनची शुगर आहे. ही म्हातारपणाची शुगर नव्हे, हे आधी डोक्यात घे. तिच्या अंगात इन्सुलिन नावाचं जे तयार व्हायला पाहिजे ते तयारच होत नाही. गोड खाल्ल्यानं झालं नाही, आईनं डोहाळ्यात पेढे खाल्ले म्हणून झालं नाही, कुणाची नजर लागली म्हणून तर नाहीच नाही. हे सगळं मला आमच्या भावकीतल्या एकेका शहाण्यानं ऐकवून झालं आहे. एकीनं तर कारल्याचा रस आणून दिला होता आणि सांगितलं होतं की सुया बंद करा, सवय लागते. मी त्या बाईला म्हटलं, श्वास घ्यायचीही सवयच आहे, ती सोडून बघ. आता ती बाई आमच्या घरी येत नाही. बरं झालं.

तर गोष्ट विमानाची. आमच्या धाकट्या भाऊजींच्या मुलाचं लग्न ठरलं. सोयरे मूळचे कोपरगावकडचे, पण मुलीच्या बापाचा धंदा बंगलोरला, म्हणून लग्न तिकडं. वऱ्हाड रेल्वेनं पुढं गेलं. मागं राहिलो आम्ही चौघं: मी, सून, नात आणि भाऊजी. आमच्याबरोबर नवरीचे मामा आणि मामी. सहा तिकिटं व्याह्यांनी पुण्याहून विमानाची काढून दिली. माझ्या मुलाला सुप्याच्या कारखान्यात रजा मिळाली नाही, तो घरीच राहिला.

तू भाऊजींना ओळखतेस. मनगटात सोन्याचं कडं, शर्टाच्या खिशात तीन पेनं, आणि त्या तिन्हींपैकी एकही कागदावर चाललेलं मी पाहिलं नाही. दूध डेअरीत कधीकाळी संचालक होते, तेवढ्यावर आजपर्यंत जगले. माणूस आजारी पडला तरी हे विचारणार, दवाखान्यात आपली कुणाची ओळख आहे. डॉक्टर चांगला आहे का ते नाही. ओळख आहे का ते.

सुनेनं मात्र विमानाचं ऐकल्याबरोबर पहिलं काम केलं ते नगरला डॉक्टरीणबाईंना गाठायचं. नगर म्हणते मी अजून, आता अहिल्यानगर म्हणायचं असतं. मीही गेले सोबत. या बाई लहान मुलांच्या डॉक्टर. बोलतात कमी, लिहितात मात्र स्वच्छ, आणि समोर बसलेल्या माणसाला अडाणी समजत नाहीत. सुनेनं तिकिटं आणि नातीचं आधार कार्ड पुढं ठेवलं. बाईंनी दोन्हींवरचं नाव जुळतंय का ते बोट ठेवून पाहिलं, किती दिवस जाणार ते विचारलं. चार दिवस. मग म्हणाल्या, आठ दिवसांचं औषध न्या. विमान चुकतं, पेन पडून फुटतं, परगावच्या दुकानात हवं ते मिळेलच असं नाही.

आणि मग त्यांनी विमानतळावरच्या लोकांसाठी पत्र लिहिलं. इंग्रजीत होतं. मी म्हटलं, बाई, मला मराठीत वाचून दाखवा, माझी नात आहे ती. बाहेर पंधरा लेकरं रडत असताना त्यांनी ओळ न् ओळ वाचून दाखवली. घरी येऊन मी ती वहीत उतरवली. शाळा मी दुसरीपर्यंतच पाहिली, पुढचं सगळं औषधाच्या खोक्यांतल्या चिठ्ठ्या आणि वर्तमानपत्रं वाचत शिकले, पण ते पत्र मला अजून तोंडपाठ आहे. असं होतं:

विमानतळावरील सुरक्षा कर्मचारी व विमान कंपनीचे कर्मचारी यांस. या मुलीला टाईप वन मधुमेह आहे. तिचं शरीर इन्सुलिन तयार करत नाही. ते तिला दिवसातून किमान चार वेळा इंजेक्शननं द्यावंच लागतं, त्याशिवाय ती जगू शकत नाही. तिच्याजवळ इन्सुलिनची पाच पेनं, साठ सुया, बोटातून रक्त तपासायचं यंत्र, त्याच्या पट्ट्या व टोचण्या, ग्लुकोज पावडर, फळांचा रस, थंड ठेवायच्या जेलच्या दोन पिशव्या आणि ग्लुकागॉनचं एक इंजेक्शन आहे. साखर फार उतरून मुलगी बेशुद्ध झाली आणि तोंडातून काही देता येईनासं झालं, तर हे शेवटचं इंजेक्शन द्यायचं असतं. हे सर्व तिच्यासोबत विमानात बसायच्या जागीच असलं पाहिजे. खालच्या मोठ्या सामानात देऊ नये. तिथं इन्सुलिन गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी वापरता येत नाही. शिवाय ते कोणत्याही क्षणी लागू शकतं. आपण प्रत्येक वस्तूची तपासणी जरूर करावी. मात्र मुलीला घाम आला, हात थरथरू लागले, ती गोंधळल्यासारखी वाटली, तर आधी तिला ग्लुकोज घेऊ द्यावं, तपासणी नंतर करावी. शंका असल्यास मला खालील क्रमांकावर फोन करावा.

खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, तारीख. मागं औषधांची चिठ्ठी स्टेपल केलेली. एक प्रत बाईंनी दवाखान्यात ठेवून घेतली. सुनेनं पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून औषधांच्या निळ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेवलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी भाऊजी आले. सून आत भाकऱ्या टाकत होती. ते ओट्यावर बसले, चहा प्याले, आणि मग आवाज खाली करून मला म्हणाले, "वहिनी, एक इनंती हाय. पोरीच्या सुयांचं सोयऱ्यांपुढं काढायचं न्हाई."

मी विचारलं, का?

तर म्हणे, घराण्यात शुगर हाय असं कळलं तर त्या लोकांच्या मनात किंतु येईल. लग्न लागू द्या, मग बघू. शिवाय माझी धाकटी अजून उजवायची आहे. शिवाय तुमचीही नातच आहे, उद्या तिचंही बघायचंय. नऊ वर्षांची पोर, चौथीत शिकते, आणि या माणसानं तिला बोहल्यावर उभी करून तिथून नकार घेऊन परतही आणली.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी खिशातून एक घडीचा कागद काढला. पतसंस्थेचे चेअरमन म्हणून त्यांचे कुणी मित्र आहेत, त्यांच्या लेटरहेडवर पत्र आणलं होतं. वर लाल अक्षरात संस्थेचं नाव, खाली हा एवढा गोल शिक्का, आणि मधे चार ओळी की सदर मुलगी माझ्या चांगल्या परिचयाची असून तिची वर्तणूक चांगली आहे, अशक्तपणामुळे ती व्हिटॅमिनची इंजेक्शने व टॉनिक घेते, तरी तिला विमान प्रवासास सहकार्य व्हावे.

वर्तणूक चांगली आहे! विमानात बसायला निघालेल्या चौथीतल्या पोरीची. आमच्याकडं हीच रीत आहे ना. शाळेत नाव घालायचं असो, विजेचं मीटर घ्यायचं असो की बैल हरवलेला असो, कुणातरी पुढाऱ्याचं पत्र न्यायचं. पत्रात काय आहे हे कुणी वाचत नाही, शिक्का किती मोठा आहे तेवढं बघतात. भाऊजींना मनापासून वाटत होतं की डॉक्टरच्या पत्रापेक्षा चेअरमनचं पत्र वजनदार. डॉक्टर काय, पैसे दिले की लिहून देतो. चेअरमन उगाच लिहून देत नाहीत.

आता ऐक माझा प्रताप. मला पत्रातलं अक्षर न् अक्षर पाठ होतं. शेवटचं इंजेक्शन कशासाठी असतं तेही ठाऊक होतं. तरी मी गप्प बसले. लग्नघर आहे, मोडता कशाला घालायचा, आणि खरं सांगायचं तर मलाही कुठंतरी वाटलं की नकोच कळायला. त्यांनी निळ्या बॅगेचा कप्पा उघडला, डॉक्टरीणबाईंचं पत्र चिठ्ठीसकट काढलं आणि चेअरमनचं आत सारलं. डॉक्टरीणबाईंचं पत्र त्यांनी स्वतःच्या मोठ्या सुटकेसमध्ये, फेट्यांच्या खाली टाकलं. "हाय की बरोबर, लागलं तर काढू," म्हणाले. मी पाहिलं. सुनेला सांगितलं नाही. भाऊजींना मी काय काय म्हणते, पण त्या संध्याकाळी ओट्यावर दोन मूर्ख बसले होते आणि त्यातली एक वाचायला शिकलेली होती. तिला माफी नाही.

सकाळी गाडीनं निघालो. मामा-मामी सुप्यातच चढले, रात्री तिथं त्यांच्या नातलगांकडं उतरले होते. मामी चांगल्याच बोलक्या. शिरूरच्या पुढं एका हॉटेलात नाश्त्याला थांबलो. नातीनं बाथरूममध्ये जाऊन सुई घेतली, कारण आजीनं तसं सांगितलं होतं. एरवी ती चारचौघांत घेते. "आज का लपून?" असं तिनं विचारलं तर मी म्हटलं, लग्नाचे कपडे आहेत ना. हे काय उत्तर आहे का? पण पोरीनं ऐकलं. डोसा आला, तिनं अर्धा खाल्ला असेल नसेल, तेवढ्यात भाऊजी घड्याळ बघत उठले. वाघोलीला ट्रॅफिक लागतं, चला चला, राहिलेलं विमानात खा, तिथं मस्त देतात. सून म्हणाली, काका, तिला पुरं खाऊ द्या. तर म्हणे, चार घास कमी खाल्ल्यानं कुणी मरत नाही.

जेवणाच्या हिशेबानं इन्सुलिन घेतलेलं असतं. इन्सुलिन पूर्ण आत गेलं आणि जेवण अर्धं, तर साखर खाली येणारच. सून गाडीत तिला पोळी देत होती, पण मामी शेजारी बसून सारखं म्हणत होत्या की गाडीत खाल्लं की उलटी होते माझ्या पुतणीला, राहू दे. पोरगीही लाजून नको म्हणाली. मी काय करत होते? मी मामींना हो ला हो करत होते.

विमानतळावर मोठ्या बॅगा काउंटरवर दिल्या. भाऊजींची सुटकेस त्या पट्ट्यावरून हलत डुलत गेली, आत डॉक्टरीणबाईंचं पत्र. ती पडद्याआड जाईपर्यंत मी बघत राहिले.

मग तपासणी. बायकांची रांग वेगळी. ट्रेमध्ये पर्स ठेवा, मोबाईल ठेवा. निळी बॅग यंत्रातून आत गेली आणि पलीकडच्या शिपायानं ती बाजूला ओढून घेतली. तरणा, परप्रांतातला मुलगा, बोलायला नम्र. हिंदीत विचारलं, बॅग कुणाची. सून म्हणाली, माझ्या मुलीची औषधं आहेत, इन्सुलिन आहे, पुढच्या कप्प्यात डॉक्टरांचं पत्र आहे. तिनं तेच सांगितलं जे सांगायला हवं होतं, आणि मोठ्या विश्वासानं कप्पा उघडून प्लॅस्टिकची पिशवी त्याच्या हातात दिली.

त्यानं वाचलं. परत वाचलं. मग आपल्या साहेबांना बोलावलं. साहेब मराठी होते, डोक्यावर पांढरे केस, थकलेला चेहरा. त्यांनी पत्र वाचलं, बॅगेतलं एक पेन हातात घेऊन त्यावरचं नाव वाचलं, आणि शांतपणे सुनेला विचारलं, "ताई, तुम्ही म्हणता इन्सुलिन. पेनावरही तेच आहे. आणि पत्रात लिहिलंय व्हिटॅमिन. यातलं खरं काय?"

सुनेनं ते पत्र हातात घेतलं आणि तिचा चेहरा मी पाहिला. असा चेहरा तुझ्यामुळं कुणाचा होऊ देऊ नकोस कधी. तिनं आधी पत्राकडं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि तिला कळलं.

भाऊजी पलीकडून छाती पुढं काढून आले. साहेब, आमच्या चेअरमनचं पत्र हाय. साहेबांनी विचारलं, चेअरमन डॉक्टर आहेत का? तर म्हणे, न्हाई, पतसंस्थेचे हायेत, पण त्यांचा शब्द जिल्ह्यात कुणी मोडत न्हाई. साहेबांनी त्यांच्याकडं एवढा वेळ बघितलं की मला त्यांचीच दया आली. साहेबांची.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. इन्सुलिन, सुया यांना बंदी नाही, रोज शेकडो लोक नेतात. पण साठ सुया, एक अनोळखी इंजेक्शन, आणि त्याच्याबरोबर खोटं पत्र. पत्रच नसतं तर एक वेळ औषधांची चिठ्ठी बघून सोडलं असतं. खोटं पत्र दाखवल्यावर मला विचारावंच लागतं. डॉक्टरचा कागद दाखवा. सुनेनं भाऊजींना विचारलं, कुठं आहे. ते म्हणाले, सुटकेसमधे. साहेब म्हणाले, ती आता विमानाच्या पोटात गेली असेल.

हे सगळं चालू असताना मामी मान लांब करून बघत होत्या. आणि मला माझ्या हातात नातीचा हात ओला लागला. गार आणि ओला. मी खाली पाहिलं तर तिच्या कपाळावर घाम, ओठ पांढरे. मी तिला विचारलं, काय होतंय, तर ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आजी, ट्रे कुठं चाललेत?" ट्रे कुठंही चालले नव्हते.

त्या वेळी, बाई, माझी घराण्याची अब्रू, सोयरे, किंतु, सगळं गळून पडलं. मी ओरडले नाही. मी त्या साहेबांना म्हटलं, "साहेब, हिची साखर उतरली. बॅग तुमच्यापाशी ठेवा, पण त्यातली ग्लुकोजची पुडी मला द्या. मग मला अटक करा हवी तर."

साहेबांनी डॉक्टरीणबाईंचं पत्र पाहिलेलं नव्हतं. तरी त्यांनी त्यात लिहिलेलं जसंच्या तसं केलं. म्हणाले, आधी पोरीला द्या, मग बघू. स्वतः खुर्ची ओढून आणली. शिपायानं पाण्याची बाटली आणली. सुनेनं यंत्रानं बोट टोचलं, अठ्ठावन्न आलं. सत्तरच्या खाली गेलं की थांबायचं नसतं. तीन चमचे ग्लुकोज पाण्यात घोळून पाजलं. पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा तपासायचं, हा नियम. त्या पंधरा मिनिटांत आमच्या विमानाची घोषणा झाली.

घोषणा ऐकल्यावर भाऊजींनी जे काढलं ते ऐक. म्हणाले, "वहिनी, ह्या सुया हितंच ठिवा अन चला. चार दिस न्हाई घेतल्या तर काय हुतंय? न्हाईतर तुमी अन पोरगी ऱ्हावा मागं, मी फोटोचं सांभाळतो." फोटोचं! इन्सुलिनशिवाय चार दिवस म्हणजे ती पोर लग्नाच्या मांडवात नाही, अतिदक्षता विभागात असती, किंवा तिथंही नसती. आणि यांना चिंता की पोरगी फोटोत का दिसत नाही, हे लोक विचारतील.

माझी सून लग्न होऊन आल्यापासून भाऊजींच्या पुढं मान वर करून बोललेली नव्हती. ती त्या दिवशीही ओरडली नाही. पोरीच्या पाठीवर हात तसाच ठेवून म्हणाली, "काका, तुम्ही जा. तुमच्या पत्रात लिहिलंय वर्तणूक चांगली आहे, ते जरा स्वतःचं तपासून बघा." आणि पाठ वळवून तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

दवाखान्याच्या वेळेतही त्यांनी उचलला. दोन वाक्यांत ऐकून घेतलं. पाच मिनिटांत त्यांनी ठेवून घेतलेल्या प्रतीचा फोटो, चिठ्ठीसकट, सुनेच्या मोबाईलवर आला. साहेबांनी नुसत्या फोटोवर विश्वास ठेवला नाही, आणि बरं केलं. फोटो तर भाऊजींनीही कुठून आणला असता. साहेबांनी पत्रावरच्या दवाखान्याच्या नंबरला स्वतःच्या फोनवरून फोन केला, बाईंशी बोलले, नातीचं नाव-वय आधार कार्डाशी जुळवलं. मग टेबलावर पेपर पसरून एकेक वस्तू काढली. पेनं पाच, मोजली. सुया साठ, मोजल्या, एक कमी भरली, तर नात म्हणाली, ती सकाळी हॉटेलात वापरली, बाटलीत आहे. वापरलेल्या सुया ती झाकणाच्या जाड बाटलीत टाकते, कचऱ्यात नाही. बाटली काढून दाखवली. ग्लुकागॉन एक. जेलच्या पिशव्या दोन. साहेब म्हणाले, हे इंजेक्शन कशाचं? तोपर्यंत तिची साखर ब्याण्णववर आली होती आणि ओठांना रंग आला होता. तिनंच सांगितलं, मी बेशुद्ध पडले तर आई देणार, मग मला एका कुशीवर झोपवायचं. साहेबांनी सगळं जसं होतं तसं परत लावून दिलं.

चेअरमनचं पत्र त्यांनी भाऊजींच्या हातात ठेवलं आणि सांगितलं, हे पुन्हा कुठं दाखवू नका. भाऊजींनी ते जपून खिशात घातलं. फेकलं नाही.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं केलं ते सोयरे. मामा एवढा वेळ लांब बाकावर बसून मोबाईलवर उसाच्या भावाचं काहीतरी बघत होते. त्यांना काय झालं तेच कळलं नव्हतं. मामी जवळ आल्या, पोरीला बघून म्हणाल्या, अगंबाई, शुगर का, आणि लगेच मला विचारलं की विमानात खिडकीची जागा बदलून मिळते का हो. बस. एवढ्यासाठी मी माझ्या नातीला बाथरूममध्ये सुई टोचायला लावली. ज्यांच्या मनात किंतु येईल म्हणून आम्ही मरत होतो, त्या मनात जागाच नव्हती, तिथं खिडकी बसलेली होती.

विमानात शेवटचे आम्हीच चढलो. निळी बॅग नातीच्या पायापाशी. सून माझ्याशी बंगलोरपर्यंत बोलली नाही. बरोबर केलं. उतरल्यावर मी तिला सांगितलं की त्या संध्याकाळी मी बघत होते. ती म्हणाली, मला माहीत आहे, आई. एवढंच. लग्नात पंगतीला बसल्यावर नातीनं सगळ्यांच्या देखत पेन काढलं, सुई बसवली, टोचली, पुरीला हात घातला. मी तिच्या शेजारी मांडी ठोकून बसले होते, कुणी बघायला लागलं की मी त्याच्याकडं बघत होते.

भाऊजी? अगं, ते गावात काय सांगतात माहीत आहे का. म्हणतात, विमानतळावर पोरीला अडवलं होतं, पण चेअरमनचं पत्र काढलं तवा सोडलं. पारावर बसून सांगतात, आणि ऐकणारे माना डोलावतात. एकानं तर त्या पत्राची झेरॉक्स मागितली, त्याच्या आईला काशीला न्यायचं आहे म्हणे. मी आता कुणाला दुरुस्त करायला जात नाही. माझ्या घरात मात्र नवी पद्धत आहे. कुठंही जायचं असलं की महिनाभर आधी डॉक्टरीणबाईंकडून नव्या तारखेचं पत्र, सहीच्या दोन प्रती, एक बॅगेत आणि एक नातीच्या स्वतःच्या खिशात. त्या बॅगेला नातीशिवाय कुणाचा हात लागत नाही. माझाही नाही. मी लावायला गेले तर ती म्हणते, आजी, तू लांब. आणि मी लांब होते.

पदराचं टोक सोड आता. चहा घे. आणि पुढच्या खेपेला असं दोन तासांसाठी येऊ नकोस. दिवाळीची सुट्टी लागली की तुझी दोन्ही पोरं घेऊन राहायला ये, जेवायच्या वेळेला ये. ती सुई घेते तेव्हा तुझ्या पोरांना शेजारी बसू दे, ग्लुकोज कुठं ठेवलंय ते त्यांना दाखवायला सांग तिला. ती फार छान दाखवते. ये लवकर, वाट बघते.